तुमच्या वाट्याचं मी खाल्लं

पंचफुला हसली की आवक-जावक विभागातले कारकून मान वर करून बघायचे. टायपिंगच्या खोलीपासून तिथपर्यंत मध्ये दोन भिंती आणि एक लांबलचक व्हरांडा होता, पण त्या हसण्याला भिंतींचं काही देणंघेणं नव्हतं. लातूर जिल्हा नवा, कलेक्टर कचेरी नवी, खुर्च्या मात्र उस्मानाबादेहून आलेल्या, पाय हलणाऱ्या. माणसं मिळतील तिथून गोळा केलेली. त्यात कंधारच्या शेषेरावांची ही लेक टायपिस्ट म्हणून लागली, मावशीकडे राहू लागली आणि वर्षाच्या आत सगळ्या कचेरीला तिच्या डब्यातल्या जवसाच्या चटणीची चटक लागली. बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. अशी ही बाई एका माणसासमोर मात्र पार चुकली, आणि ती कशी चुकली नि कशी सावरली, तेच सांगायचं आहे.

तो माणूस म्हणजे निवृत्ती. देगलूरचा. टंचाईचं काम बघणाऱ्या साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर. पाऊस दोन वर्षं रुसलेला, गावोगाव टँकर, रोजगार हमीची कामं, पाझर तलाव. साहेबांना चैन नव्हती म्हणून निवृत्तीलाही नव्हती. साहेब म्हणाले ‘चल’ की निघायचं. कुठं ते गाडी सुरू झाल्यावर कळायचं आणि परत कधी ते आल्यावर. रेणापूरला जाऊन तासाभरात येतो म्हणून गेलेली जीप वाटेत कुणी टँकर अडवल्याचं कळलं की तशीच अहमदपूरकडे वळायची. रात्रभर गाडी हाकून तो सकाळी कचेरीच्या मागच्या कडुलिंबाखाली सीटवरच पाय दुमडून झोपायचा. उठला की आधी कुणाची तरी माफी मागायचा. कुणाची ते जो समोर येईल त्यावर.

ही माफी मागायची सवय पंचफुलाला आधी गंमत वाटली. सडपातळ, पापण्यांवर कायम धूळ आणि बोलताना शर्टाचं वरचं बटण चाचपणारा हा माणूस तिला आवडला, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं होतं. उगाच लपवाछपवी करणाऱ्यातली ती नव्हतीच. एके दिवशी व्हरांड्यात गाठून तिनं सरळ सांगितलं, “ड्रायव्हरसाहेब, उद्या दुपारी माझ्या डब्यातलं खायचं. वांगं करून आणणार हाय.”

निवृत्तीनं बटण चाचपलं. “टाइम सांगता येत न्हाई, बाई.”

“दुपार म्हणलं ना मी. दुपार काय पळून जाती का?”

तो हसला आणि ‘हाव, येतो’ म्हणाला. किशनराव शिपाई तिथंच स्टुलावर होते. त्यांनी एवढे डोळे विस्फारले, कारण निवृत्तीनं कुणाला ‘हाव’ म्हटल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब निघाले. दुपार झाली, जेवणाची सुट्टी संपली, टाइपरायटर पुन्हा खडखडायला लागले. पंचफुलानं डबा उघडला नाही. तो टेबलाच्या कोपऱ्यावर तसाच, रुमालाची गाठ न सोडलेला. पोटात कावळे ओरडत होते आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता. घरची शिकवणच तशी होती. साखराबाई मावशीनं उभा जन्म नवऱ्यासाठी ताट झाकून ठेवलं. नरसिंगकाका हयात होते तोवर तेलगिरणीतली रातपाळी करून कधीही येवोत, ते येईस्तोवर मावशीच्या तोंडात घास गेला नाही, आणि ही गोष्ट ती आल्यागेल्याला सांगायची. आपल्याकडे बाईनं प्रेम करायचं म्हणजे आधी उपाशी राहायचं. पंचफुलाही तेच करत होती, आणि मनातल्या मनात खूश होती.

कचेरी सुटायच्या वेळेला जीप आली. निवृत्ती धावत व्हरांडा चढून आला आणि दारातच थबकला. त्याची नजर आधी डब्याच्या गाठीवर गेली.

“तुमी जेवला न्हाई?”

“तुमच्याबिगर घास उतरंल का?” ती गोड हसून म्हणाली. आदल्या रात्रीपासून हे वाक्य तिनं घोळवून ठेवलं होतं.

निवृत्तीचा चेहरा असा उतरला की जणू कुणी कानफटात मारली. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “लई चुकलं.” डब्यातला एक घास त्यानं कसाबसा गिळला, वांगं छान झालंय म्हणाला, आणि गेला. त्यानंतर तो व्हरांड्यानं येईना. मागच्या दारानं यायचा, किल्ली ठेवायचा, जायचा. ती समोर आली तर लांबूनच नमस्कार करायचा.

पंचफुलाला काही सुचेना. मी रागावले नाही, टोमणा मारला नाही, ‘उशीर का केला’ म्हणून विचारलंसुद्धा नाही, मग झालं काय? शेवटी तिनं किशनरावांना चटणीची पुडी देऊन बोलतं केलं.

“पोरी, त्याची जखमच तिथं हाय,” किशनराव म्हणाले. उदगीरला निवृत्तीची सोयरीक जुळत आली होती. सुपारी फोडायचा दिवस ठरला. त्याच दिवशी कुठल्याशा मंत्र्यांचा दौरा निघाला आणि हा गाडीवर अडकला. मुलीकडचे सगळे, रीत म्हणून, नवरदेव येईस्तोवर उपाशी बसले. संध्याकाळी हा पोचला तेव्हा मुलीच्या आजीला चक्कर येऊन अंगणात निजवलेलं होतं. कुणी रागावलं नाही. सगळे म्हणाले, असू द्या, नोकरीच तशी. पण त्यानं आजीचे पाय धरले, हात जोडले आणि माघारी फिरला तो पुन्हा गेलाच नाही. “मला म्हणला, किशनराव, माझ्यापायी परत कुणी उपाशी बसलेलं दिसलं तर तिथूनच माघारी फिरंन. असल्या माणसानं लगीन करू न्हाई.”

आपण त्या पोराच्या समोर डबा नाही, आख्खं उदगीर मांडून ठेवलं होतं, हे पंचफुलाच्या ध्यानात आलं आणि ती स्वतःवरच चिडली. रात्री मावशीला तिनं सहज विचारलं, “मावशी, काका आल्यावर तू उपाशी बसलेली बघून काय म्हणायचे गं?”

मावशीनं हातातली लसणाची पाकळी सोलून ठेवली. मग म्हणाली, “काय म्हणतील? गिरणीच्या नाक्यावर मित्रासंगं भजी खाऊन यायचे. मी उपाशी हाय म्हणून घरी आणिक दोन भाकरी दडपायचे. पोट दुखायचं त्यांचं.” आणि पुढं, “मला मागून कळलं. सांगायची हिंमत झाली न्हाई त्यांना.”

मावशी हसली, पण डोळ्यांना पदर लावला. लसणानं असंल.

त्या रात्री पंचफुलानं ठरवलं की या माणसावर प्रेम करायचं तर पोटभर जेवून करायचं.

सुरुवात तिनं जीपपासून केली. सकाळी ड्रायव्हरच्या सीटवर कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा ठेवल्या. सोबत ना निरोप, ना प्रश्न. खाल्ल्या का, आवडल्या का, हेही नंतर विचारलं नाही. पुडी कुणाची हे कळायला त्याला वेळ लागला नसणार, कारण कचेरीत इतकं मीठ लावून शेंगा भाजणारी ती एकटीच. दोन-तीनदा असं झाल्यावर तो एक दिवस व्हरांड्यानं आला.

“शेंगा चांगल्या होत्या,” तो खाली बघत म्हणाला.

“मला काय सांगता? मी तर निम्म्या आधीच खाल्ल्या होत्या.”

त्यानं वर बघितलं. पुढे माफी येणार होती, ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना.

मग तिनं बोलावण्याची तऱ्हा बदलली. “शुक्रवारी कचेरी सुटल्यावर मी गंजगोलाईला रस प्यायला जाणार हाय,” ती म्हणाली. “तुमी असलाव तर या. नसलाव तरी मी जाणारच हाय, मला रस आवडतो.” यात वचन नव्हतं, वाट बघणं नव्हतं, म्हणून मोडण्यासारखंही काही नव्हतं. शुक्रवारी तो आला नाही. जीप किल्लारीकडे होती. पंचफुला खरंच गेली, आलं-लिंबू घालून रस प्याली, आणि घोगऱ्या आवाजाच्या त्या रसवाल्याशी दुष्काळात ऊस कुठून आणतोस यावर भांडूनही आली.

सोमवारी निवृत्ती दिसला तो पडलेल्या चेहऱ्यानंच. तोंड उघडायच्या आत तिनं सुनावलं, “तुमच्या वाट्याचा गिलास मी पिले. दोन गिलास! रात्रभर पोटात गुडगुड. आता मला सांगा, शुक्रवारी काय काय बघितलं?”

‘कुठं होता’ नाही, ‘का आला नाही’ नाही. काय बघितलं? निवृत्ती क्षणभर गोंधळला आणि मग सांगायला लागला. एका वाडीत टँकरच्या गळक्या नळाखाली मोर येऊन उभा राहिला आणि रांगेतल्या बायांनी त्याला आधी पिऊ दिलं, ते त्यानं सांगितलं. सांगताना बटणाकडे हात गेला नाही. पंचफुलानं ऐकलं, मध्येच ‘आँ?’ केलं, आणि शेवटी म्हणाली, “मोराला नंबर आणि आमच्या गल्लीत माझा हंडा शेवटी! ह्याला काय म्हणावं!” तो एवढ्यानं हसला की आवक-जावकच्या कारकुनांना या वेळी दोन हसणी ऐकू गेली.

तेव्हापासून त्यांचा तो खेळच झाला. तो आला की विचारायचा, “माझ्या वाट्याचं काय काय खाल्लं?” आणि ती हिशेब द्यायची. पेरू. भजी, ती पण शेवटची कुरकुरीत. बदल्यात तो रस्त्यावरचं काहीतरी आणायचा. कधी गोष्ट, कधी वाटेत सापडलेलं निळकंठ पाखराचं पीस, एकदा तर नुसतं एका म्हाताऱ्यानं साहेबांना तोंडावर काय सुनावलं ते, अगदी आवाजासकट.

तिनं आणखी काही बारकावे शिकून घेतले. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला सकाळी गंमत सुचत नसते, तेव्हा सकाळी त्याच्या वाटेलाच जायचं नाही. कडुलिंबाखाली तो झोपला की तिकडे पत्ते कुटायला जाणाऱ्या चपराशांना तिनं दुसरी सावली दाखवली, आणि हे त्याला कधी सांगितलं नाही. उपकार सांगितला की त्याचं ओझं होतं, हे तिला कळलं होतं. कधी त्याला भेटावंसं वाटलं तर ती म्हणायची, “आज भेटावं वाटून राहिलंय, पण उद्या पण वाटंल. माझं वाटणं काय संपत न्हाई.”

म्हणून ती काही संत झाली नव्हती. जत्रेला जायचं म्हणून एकदा नवी साडी नेसून ती कचेरीत आली आणि त्याच दिवशी जीप निलंग्याला पाझर तलावाच्या कामावर गेली, तेव्हा ती खरंच हिरमुसली. दुसऱ्या दिवशी त्याला सरळ म्हणाली, “काल मला वाईट वाटलं. तुमचा राग न्हाई आला. राग आला त्या तलावाचा, तुमच्या साहेबाचा, आणि ढगाचा. हे सांगून मोकळी झाले. आता साडी बघा, परत नेसून आले.” निवृत्ती बघत राहिला. माफी मागायचं त्याला सुचलंच नाही. “लई चांगली हाय,” तो म्हणाला, आणि नंतर दिवसभर किशनरावांना विनाकारण चहा पाजत होता.

पुढचं मावशीनंच पुढाकार घेऊन जमवलं. दोन्ही घरांना कळवलं, दोन्हीकडे होकार आला, आणि लगीन करायचं न्हाई म्हणणाऱ्या निवृत्तीनंही ‘हाव’ म्हटलं. रविवारी सकाळी मावशीच्या घरी बैठक ठरली. देगलूरहून निवृत्तीचा थोरला भाऊ मारोती आणि वहिनी आले. कंधारहून शेषेराव आणि दोन चुलते आले. आई मात्र आली नाही, त्या दिवशी गावात टँकर यायचा होता आणि रांगेतला नंबर सोडता येत नव्हता. धुणीभांड्याला पाणी नाही म्हणून पत्रावळी आणल्या. वरण, भात, वांग्याची भाजी, आणि गंजगोलाईतून शेषेरावांनी स्वतः आणलेली जिलेबी.

आणि पहाटेच साहेबांचा माणूस निवृत्तीला घेऊन गेला.

दुपार झाली. वासानं घर भरलं. सगळे भिंतीला टेकून बसले, पत्रावळीला कुणी हात लावेना. नवरदेव आल्याशिवाय पाहुण्यांनी जेवायचं कसं, आणि पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी कसं? मारोतीभाऊ ओशाळून पुन्हा पुन्हा म्हणत होते, “येईलच इतक्यात.” वहिनीच्या कपाळावर घाम आला होता. शेषेराव नुसते घड्याळ बघत होते, आणि ते गप्प बसले म्हणजे रागावलेत हे लेकीला ठाऊक होतं.

पंचफुला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला डोळ्यांपुढं स्पष्ट दिसलं. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबेल, तो धावत येईल, दारात थबकेल. वाळलेल्या ओठांची ही रांग बघेल. मग हात जोडेल आणि वळेल. नंतर कुणी किती समजूत घातली तरी तो येणार नाही. एवढ्या महिन्यांचं सगळं एका रिकाम्या पत्रावळीवर जाणार होतं.

ती आत गेली, पत्रावळीवर भात घेतला, वरण ओतलं, वांगं घेतलं, दोन जिलेब्या ठेवल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून जेवायला बसली.

“अय्यो!” वहिनी म्हणाली. चुलत्यांनी मान दुसरीकडे फिरवली. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं नवरी मुलगी आधी जेवते, हे त्या घरानं, त्या गल्लीनं, बहुतेक त्या जिल्ह्यानंही पाहिलं नव्हतं.

“फुला,” शेषेराव हळू आवाजात म्हणाले, “काय करून राहिलीस?”

“जेवून राहिले, बापू.” घास गिळून ती म्हणाली, “तुमी पण जेवा. ते आले आणि तुमाला उपाशी बघितलं तर दारातूनच जातील. मग मला हाच माणूस पाहिजे म्हणून मी रडंन, आणि तुमाला ते बघवणार न्हाई. त्यापरीस जिलेबी खाल्लेली काय वाईट?”

मग साखराबाई मावशी उठली. जन्मभर ताट झाकून बसलेली ती बाई पत्रावळ घेऊन भाचीच्या शेजारी येऊन बसली. “वाढ मला,” ती म्हणाली. “लई वाट बघितली मी. पोट दुखवून गेलं एक माणूस माझं.”

शेषेरावांनी बहिणीसारख्या मेहुणीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि पत्रावळ पुढं ओढली. मग काय, तासभर नुसती वाढपाची धांदल. पहिल्या जिलेबीनंतर मारोतीभाऊंचा चेहरा खुलला. दुसऱ्या भातानंतर चुलते देगलूरच्या बाजारातले बैलांचे भाव विचारू लागले.

ऊन कलताना जीप आली. निवृत्ती धावत आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा फुफाटा, आणि दारात थबकला. हात अर्धे जोडलेले. वाटभर जुळवलेली माफी ओठांवर. समोर एक चुलता घोरत होता. दुसरा मारोतीभाऊंशी पत्ते खेळत होता. वहिनी मावशीच्या मांडीला टेकून पानाला चुना लावत होती. अख्ख्या खोलीत एकही भुकेला चेहरा नव्हता.

त्याचे हात हळूहळू खाली आले. तो पंचफुलाकडं बघत राहिला. घसा साफ करून, सासऱ्यांसमोर, भावासमोर, त्यानं विचारलं, “माझ्या वाट्याचं काय काय खाल्लं?”

पंचफुला तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यातून शेषेराव म्हणाले, “जिलेबी. मी खाल्ली. सगळी.”

क्षणभर कुणालाच कळलं नाही की बापू हसून राहिलेत. मग घर असं हसलं की घोरणारा चुलता दचकून जागा झाला आणि कोण आलं, कोण आलं करू लागला. निवृत्तीही हसला, हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि गालावरच्या धुळीत दोन रेघा उतरल्या.

“बसा,” पंचफुला म्हणाली. “भाकरी थापते. तुमच्यासाठी ठेवून बसले असते तर गार मिळाली असती.”

ती चुलीपाशी गेली. भाकरी तव्यावर फुगली, तिनं ती ताटात घालून आणली, आणि बघते तर नवरदेव भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपलेला. मावशी त्याला हलवायला गेली तर शेषेरावांनीच हात धरला. “निजू द्या. पहाटेपासून गाडी हाकलीय त्यानं. बोलायचं ते आपण बोलू.”

तर अशी ती सोयरीक ठरली. सुपारी फुटली तेव्हा नवरदेव घोरत होता आणि नवरी त्याच्या वाट्याची गरम भाकरी चटणीला लावून खात होती. लग्नाची तारीख ठरवताना मारोतीभाऊ परत काळजीत पडले, त्या दिवशी साहेबांचा दौरा निघाला तर?

“निघू दे,” शेषेराव म्हणाले. “लगीन नवरदेव येईल तेव्हा लावू. पंगत आधी उठवायची.”